मुलाखतीआधीची लिंक आणि आपले उत्तर

कारंजा (घाडगे), आर्वी, काटोल अशा तालुक्यांतून नोकरी शोधणाऱ्या पदवीधराची कंपनीशी पहिली गाठ आता माणसाशी पडतेच असे नाही. बरेचदा ती एका लिंकशी पडते. अर्ज गेला की मेल येतो: सोबतची चाचणी 48 तासांत पूर्ण करा, मुलाखतीचे नंतर कळवू. कॅमेरा सुरू ठेवायचा, मध्येच उठायचे नाही, दुसरी विंडो उघडली तर त्याची नोंद होते. उमेदवार प्लेसमेंट अधिकाऱ्याला किंवा समुपदेशकाला विचारतो, ‘सर, भरू का?’ आणि आपल्यापैकी बरेच जण ‘भरून टाक’ म्हणून मोकळे होतात. हे उत्तर अपुरे आहे. त्या एका लिंकमागे पुष्कळदा दोन निराळ्या चाचण्या असतात: एक अभियोग्यतेची, दुसरी व्यक्तिमत्त्वाची. पहिली बिनदिक्कत द्यावी. दुसरी चार गोष्टी विचारून मग द्यावी, आणि त्या विचारण्याचे काम एकट्या उमेदवारावर न टाकता आपण करावे, असे आमचे मत आहे.

अभियोग्यता चाचणीच्या बाजूने पुरावा आहे, मात्र पूर्वी वाटत होता तेवढा नाही. श्मिट आणि हंटर यांनी 1998 साली 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा बौद्धिक क्षमतेच्या चाचणीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध 0.51 मांडला गेला. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हे गणित पुन्हा तपासले. आधीच्या सांख्यिकी दुरुस्त्या फार सढळ हाताने केल्या होत्या, असे त्यांना आढळले आणि आकडा 0.31 वर उतरला. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत 0.42 वर, म्हणजे सर्वांत वर राहिली. तरीही 0.31 टाकाऊ नाही. शिवाय अंकगणिताच्या प्रश्नाला महाविद्यालयाचे नाव किंवा बोलण्याचा हेल कळत नाही, आणि हा आपल्या मुलांचा खरा फायदा आहे. अडचण येते ती इंग्रजी उतारे वाचण्याच्या वेगाची आणि चाचणीची रचना माहीत नसण्याची. अ‍ॅमकॅटसारख्या चाचण्यांत आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो, त्यामुळे ‘हा नंतर सोडवू’ ही परीक्षागृहातली सवय तिथे कामी येत नाही. हे आधी सांगितले आणि दोन सराव चाचण्या करून घेतल्या, तर बराचसा धोका टळतो.

व्यक्तिमत्त्व चाचणीची गोष्ट वेगळी. सॅकेट यांच्याच आढाव्यात कर्तव्यदक्षतेच्या मापनाचा सहसंबंध 0.19 आहे. त्याचा वर्ग केला तर कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम चार टक्के फरक त्यातून समजतो. मुलाखतीनंतर इतर माहितीच्या जोडीला हे चार टक्के उपयोगी ठरतील. माणसाला न भेटता दार बंद करायला ते पुरत नाहीत. त्यात मोजण्याची रीतही पाहावी लागते. अनेक चाचण्यांत अशी चार विधाने एकत्र येतात: मी काम वेळेत संपवतो, अनोळखी माणसाशी मी सहज बोलतो, मला नव्या कल्पना सुचतात, टीका मी शांतपणे ऐकतो. यातले सर्वांत लागू पडणारे आणि सर्वांत कमी लागू पडणारे निवडायचे. चारही गुण भरपूर असलेल्या मुलीलाही एक गुण शेवटी टाकावाच लागतो, आणि चारही बेताचे असलेल्या मुलाचाही एक गुण पहिला येतोच. साध्या पद्धतीने गुण दिले तर सगळ्या गुणविशेषांची बेरीज प्रत्येकाची सारखीच येते. म्हणजे एकाच माणसात काय जास्त, काय कमी एवढे कळते; या दोघांपैकी वेळ कोण अधिक पाळतो ते कळत नाही. निवडीला नेमके तेच हवे असते. सुधारित सांख्यिकी पद्धतींनी हा दोष बराच कमी करता येतो, पण आलेल्या लिंकमागे कोणती पद्धत आहे हे विचारल्याशिवाय कळायचे नाही.

इथे आपल्याकडची जुनी ओळखही दिशाभूल करते. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात 2016 पासून कल चाचणी घेतली गेली. तिच्यात खरे लिहिले तर फायदा विद्यार्थ्याचाच, कारण तिथे कुणी गाळले जात नव्हते. कंपनीची चाचणी गाळण्यासाठीच असते आणि मुले ती कल चाचणीच्याच भाबडेपणाने भरतात. एमबीटीआय ही प्रसिद्ध चाचणी तर नोकरभरतीसाठी वापरू नये, असे तिचे प्रकाशकच सांगतात. दुसरा प्रश्न मानकांचा. डॉ. वि. वि. कामत यांनी 1930च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी आणली, तेव्हा नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांवर ती पुन्हा प्रमाणित केली. आज कारंज्याच्या पदवीधराचे गुण कोणत्या गटाशी ताडले जातात, हे विचारायला काय हरकत आहे?

आता प्रत्यक्ष उत्तर कसे लिहावे? समजा बी.एस्सी. झालेल्या मुलीला शुक्रवारी संध्याकाळी लिंक आली आणि घरी नेटचा भरवसा नाही. आधी मेलचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहावा. शुल्क किंवा ओटीपी मागितला असेल तर तिथेच थांबावे. एरवी त्याच दिवशी असे उत्तर जावे: ‘चाचणी देण्याची माझी तयारी आहे. चाचणीचे नाव, तिचे भाग आणि लागणारा वेळ कळवावा. व्यक्तिमत्त्वाचा भाग असल्यास त्यावरून मुलाखतीआधी उमेदवार वगळले जातात का, आणि गुण कोणत्या गटाशी ताडले जातात, ते सांगावे. माझी माहिती किती काळ ठेवली जाईल? अहवाल मला मिळेल का? महाविद्यालयाच्या संगणक कक्षातून चाचणी देता यावी म्हणून मंगळवारपर्यंत मुदत द्यावी.’ सुरुवातीलाच होकार असल्याने यात अडेलपणा दिसत नाही. उत्तर आले नाही तर मुदतीत अभियोग्यतेचा भाग द्यावा. व्यक्तिमत्त्वाचा भाग न भरता अर्ज पुढे सरकतच नसेल, तर तो भरायचा की नाही हे नोकरीची गरज पाहून तिने ठरवावे.

यावर पहिला आक्षेप असा, की हजारो अर्जांतून छाटणी करायची तर कंपनीने दुसरे काय करावे? तो रास्त आहे, पण त्या कामाला अभियोग्यता चाचणी पुरते. दुसरा आक्षेप, प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कटते. एकट्या उमेदवाराबाबत ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच हे काम आपले आहे. महाविद्यालयाने ड्राइव्ह ठरवतानाच विचारले तर कोणा एकाचे नाव पुढे येत नाही. तिसरा आक्षेप, त्यापेक्षा ‘योग्य’ उत्तरे शिकवून टाकावीत. यातून फारसे साधत नाही: चारही विधाने सारखीच भली वाटणारी असतील तर पाठांतर निरुपयोगी ठरते, आणि जमून गेले तरी न मानवणाऱ्या कामावर माणूस जाऊन बसतो.

कायदाही आता आपल्या बाजूला येतो आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती घेताना द्यायची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याची सोय त्यात आहे. दिलेली माहिती पाहण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्कही आहे. तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हंगामात कंपन्यांना पाठवायच्या निमंत्रणपत्रातच एक परिच्छेद घाला: चाचणी कोणती, व्यक्तिमत्त्वाच्या भागावरून मुलाखतीआधी कोणाला वगळणार का, गुण कोणाशी ताडणार, आणि माहिती कधी पुसणार. ज्या कंपन्या उत्तर देतील त्यांची आणि ज्या देणार नाहीत त्यांचीही नोंद ठेवा, आणि ती शेजारच्या महाविद्यालयाला दाखवा.