आरोग्यविचार : जळजळीचें औषध केव्हां घ्यावें ?

एका कुटुंबांतील हकीकत नुकतीच आमच्या कानीं आली. घरांतील सासूबाई कित्येक वर्षें थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटीं घेत असत. मध्यंतरीं त्यांच्या छातींत जळजळ होऊं लागली, तेव्हां गोळीपाठोपाठच त्या दोन चमचे पातळ अँटासिडही घेऊं लागल्या. दोन महिन्यांत अंग जड झालें, मलावरोध जडला, आणि रक्ततपासणींत टीएसएच वाढलेला आढळला. गोळीची मात्रा वाढविण्याचें ठरत होतें, इतक्यांत सूनबाईंनीं त्या बाटलीचा उल्लेख केला, आणि उलगडा झाला.

या औषधांतील अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम यांचे क्षार थायरॉइडच्या गोळीस आंतड्यांतच बांधून ठेवतात. ती रक्तांत पुरेशी उतरत नाहीं. म्हणून दोहोंमध्यें चार तासांचें अंतर हवें. लोहाच्या गोळ्या व सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखीं जंतुनाशकें यांचीही तीच गत होते. त्यांचें नेमकें अंतर औषधविक्रेत्यास विचारावें.

वस्तुतः पहाटेची ती वेळच चुकीची होती. रिकाम्या पोटांतून अँटासिड अर्ध्या-पाऊण तासांत पुढें सरकतें. जेवणानंतर तासाभरानें घेतल्यास त्याचा गुण बराच अधिक वेळ टिकतो. अल्जिनेटचें पातळ औषध तर जेवणानंतर लगेच व निजतांना घ्यावयाचें. समुद्रांतील शेवाळापासून काढलेला हा पदार्थ पोटांतील आम्लाशीं मिळतांच घट्ट होतो, त्यांत वायूचे बुडबुडे अडकतात, आणि दुधावर साय धरावी तसा अन्नावर तरंगूं लागतो. आम्ल वर उसळूं पाहतें त्यास ही साय आड येते. अन्नच नसेल तर ती तरंगणार कशावर ? मात्र त्यांत सोडियम असतो. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं यांपैकीं कोणतेंही औषध डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

सासूबाईंनीं बाटली दुपारच्या जेवणानंतर व रात्रीं निजण्यापूर्वी घेण्यास प्रारंभ केला. गोळीची मात्रा तीच राहिली. दीड महिन्यानें टीएसएच पूर्ववत् झाला. तथापि डॉक्टरांनीं त्यांस बजावलें, तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. हीं औषधें क्वचित् होणाऱ्या जळजळीसाठीं आहेत. दोन आठवडे जळजळ रोज होत राहिली, तर बाटली बदलीत न बसतां तपासणी करावी. घास अडकणें, वजन आपोआप घटणें, वारंवार वांती, किंवा पन्नाशी-पंचावन्नीनंतर प्रथमच हा त्रास सुरू होणें, यांत दिरंगाई नको. रक्ताची वांती अथवा डांबरासारखा काळा शौच झाल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. (लोहाच्या गोळीनेंही शौच काळसर होतो, पण चिकट व दुर्गंधीयुक्त असल्यास त्यावर विसंबूं नये.)

आणि छातींतील कळ हातांत वा जबड्यांत जात असेल, घाम सुटत असेल, दम लागत असेल, तर ‘आधीं दोन चमचे देऊन पाहूं’ असें कोणीं म्हणूं नये; तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.