महागाईची वजाबाकी एकदाच

गेल्या हंगामात जबलपूर परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रस्ताव मजकडे अभिप्रायासाठी आला होता. ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाची कार्डे तयार करण्याची एक लहान प्रयोगशाळा उभारण्याची त्यांची योजना होती. मागणीविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. जबलपूरच्या भातपट्ट्यात खोडकिडा आहे आणि शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यात उसावरील खोडकिडीही आहे. कीटकशास्त्राच्या बाजूने मी अनुकूल अभिप्राय दिला. काही आठवड्यांनी प्रस्ताव 'आर्थिकदृष्ट्या अव्यवहार्य' अशा शेऱ्यासह परत आला. कुतूहलाने मी त्याचा ताळेबंद मागवला. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे, तथापि त्यातील चूक मला ओळखीची वाटली. आपल्या शाखेतही ती होते, फक्त तिचे नाव वेगळे असते.

हिशेब असा होता. (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.) खोलीचे उष्णतारोधन, वातानुकूलन, मांडण्या, कॉर्सिरा पतंगाच्या संगोपनपेट्या आणि अंडी निर्जीव करण्याची अतिनील किरणांची पेटी मिळून आरंभीचा खर्च २० लाख रुपये. आजच्या भावाने वर्षाची विक्री ९ लाख आणि चालू खर्च ६ लाख, म्हणजे शिल्लक ३ लाख. आयुर्मान १० वर्षे. भांडवलावर बँकेचा व्याजदर ११ टक्के. हिशेबनिसाने दहाही वर्षांपुढे ३ लाख हाच आकडा लिहिला, ११ टक्क्यांनी प्रत्येकाचे वर्तमान मूल्य काढले आणि बेरीज केली. ती १७ लाख ६७ हजार भरली. वीस लाख घालून साडेसतरा लाखांच्या आसपास मिळणार असतील, तर प्रस्ताव नाकारणे भागच होते.

परंतु येथे दोन वेगळ्या मापांची गल्लत झाली आहे. दरवर्षीचे ३ लाख हे आजच्या भावातले, म्हणजे स्थिर भावातले आहेत. त्यांत महागाई धरलेलीच नाही. ११ टक्के हा दर मात्र चालू रुपयातला, म्हणजे नाममात्र दर आहे. पुढे परत मिळणाऱ्या रुपयाची खरेदीशक्ती कमी झालेली असेल हे धनको जाणतो, आणि त्याची भरपाई त्या ११ टक्क्यांत आधीच करून घेतो. म्हणजे उत्पन्नाच्या बाजूने महागाई गाळली आणि व्याजदराच्या बाजूने ती पुन्हा वजा केली. एकच वजाबाकी दोनदा झाली.

कीटकनाशकांच्या चाचण्या करणाऱ्यांना हे ॲबटच्या सूत्रावरून चटकन उमगेल. डब्ल्यू. एस. ॲबट यांनी १९२५ साली दिलेल्या या सूत्रात नियंत्रण गटातील नैसर्गिक मृत्यू वगळून औषधाचा खरा परिणाम काढतात. फवारलेल्या गटात ६० टक्के आणि नियंत्रणात २० टक्के कीटक मेले, तर सुधारित मृत्युदर ४० टक्के नव्हे, ५० टक्के येतो. कारण ६० मधून २० वजा करून थांबायचे नसते, उरलेल्या ८० ने भागायचेही असते. एखाद्याने सुधारित ५० टक्क्यांतून नियंत्रणातील मृत्यू पुन्हा वगळले, तर चांगले औषधही निरुपयोगी ठरेल. प्रस्तावाच्या कागदावर नेमके हेच घडले होते.

दुरुस्तीही ॲबटच्याच धाटणीची आहे, आणि ती त्याच्या आधीची आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १८९६ साली हा संबंध सविस्तर मांडला होता. एकात नाममात्र दर मिळवावा, एकात महागाईचा दर मिळवावा, पहिल्याला दुसऱ्याने भागावे आणि त्यातून एक वजा करावा. हाती येतो तो वास्तव दर. महागाई ५ टक्के धरली, तर १.११ भागिले १.०५ म्हणजे १.०५७१, आणि वास्तव दर ५.७१ टक्के. नुसती वजाबाकी करून ६ टक्के घेतले, तर आपल्याकडच्या महागाईच्या पातळीवर फार बिघडत नाही. पण भागाकार करण्यास कष्ट पडत नाहीत, तर तो करावा.

आता स्थिर भावातले ३ लाख वास्तव दराने, म्हणजे ५.७१ टक्क्यांनी मोजू. दहा वर्षांची बेरीज २२ लाख ३८ हजार येते. २० लाख वजा जाता २ लाख ३८ हजार निव्वळ उरतात. दुसरी वाट अशी की शिल्लक दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत न्यायची आणि ११ टक्क्यांनी मोजायची. दहाव्या वर्षी चालू रुपयात शिल्लक ४ लाख ८९ हजार दिसेल, तिचे वर्तमान मूल्य १ लाख ७२ हजार. स्थिर भावाच्या वाटेने गेलात, तरी दहाव्या वर्षाचे मूल्य तेच, १ लाख ७२ हजार. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, आणि पडताळणीची सोपी कसोटीही हीच: दोन्हींनी केलेले हिशेब जुळले नाहीत, तर कुठेतरी मापे मिसळली आहेत.

चुकीच्या हिशेबात त्याच दहाव्या वर्षाचे मूल्य १ लाख ६ हजार एवढेच धरले गेले होते. पहिल्या वर्षाच्या मूल्यात त्या चुकीने सुमारे ५ टक्के घट होते, दहाव्यात जवळजवळ ३९ टक्के. फळ जितके उशिरा, तितका दंड मोठा. माझा खरा आक्षेप येथे आहे. ही चूक सर्व प्रस्तावांना सारखी लागली असती, तर त्यांची क्रमवारी तरी टिकली असती. परंतु ती फळबाग, शेततळे, जैविक नियंत्रणाची प्रयोगशाळा अशा दीर्घ मुदतीच्या कामांना मागे ढकलते आणि दोन-तीन वर्षांत पैसे फेडणाऱ्या फवारणी यंत्राला पुढे आणते. हिशेबनिसाच्या मनात कोणताही पक्षपात नसतो; पक्षपात रकान्यात असतो.

उलट दिशेची चूकही पाहण्यात येते, आणि ती अधिक गोड असते. शिल्लक ५ टक्क्यांनी वाढवत न्यायची आणि मोजायची मात्र ५.७१ टक्क्यांनी. तसे केले तर हीच प्रयोगशाळा २८ लाख ९१ हजारांची दिसते. उत्साही सल्लागारांचे अहवाल वाचताना मी आता प्रथम एवढेच पाहतो, की भाववाढ कोणत्या रकान्यात आहे आणि दर कोणता लावला आहे.

कर्जाच्या हप्त्याचेही तसेच. २० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी दहा समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे, तर हप्ता सुमारे ३ लाख ४० हजारांचा पडतो. हा हप्ता चालू रुपयातला आणि कायम आहे. परत आलेल्या कागदावर दरवर्षीच्या स्थिर ३ लाखांतून तो वजा करून दहा वर्षे ४०-४० हजारांची तूट दाखवली होती. वास्तविक पहिल्या वर्षी शिल्लक ३ लाख १५ हजार असेल आणि तूट २५ हजारांची. दुसऱ्या वर्षी तूट ९ हजारांची. तिसऱ्यापासून हप्ता शिलकीतून निघतो. अर्थात पहिल्या दोन वर्षांची तूट खरी आहे, तिची तरतूद भांडवलातच करावी लागेल. लाभदायक प्रकल्पही रोख रकमेअभावी अडखळू शकतो. त्यावर उपाय परतफेडीची सवलत हा असतो. प्रकल्प नामंजूर करणे हा नव्हे.

येथवर मी प्रस्तावाचा वकील झालो. परंतु याच हिशेबाचा पुढचा टप्पा मला प्रतिकूल गेला, आणि तो दडवणे योग्य होणार नाही. वरील सर्व गणितात एक गृहीतक लपलेले आहे: विक्री, मजुरी, वीज, ज्वारी या सर्वांचे भाव एकाच गतीने वाढतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. कॉर्सिराचे संगोपन हाताने चालते. पतंग एकेक करून गोळा करावे लागतात, अंडी चाळून पंखांच्या खवल्यांपासून वेगळी करावी लागतात, कार्डांवर चिकटवावी लागतात. ६ लाखांच्या चालू खर्चात ३ लाख ६० हजार मजुरीच होती. मजुरी ५ ऐवजी ७ टक्क्यांनी वाढत गेली, बाकी सर्व ५ टक्क्यांनीच, तर निव्वळ वर्तमान मूल्य २ लाख ३८ हजारांवरून उणे ३४ हजारांवर येते. स्थिर भावाच्या हिशेबातही हे धरता येते. मजुरी दरवर्षी सुमारे १.९ टक्क्यांनी 'वास्तवात' वाढवावी लागते. स्थिर भाव याचा अर्थ सर्व आकडे गोठवून ठेवणे असा नाही. सर्वसाधारण महागाईच्या मानाने ज्याचा भाव वेगळा चालतो, त्याचा तो फरक दाखवावाच लागतो.

कार्डाच्या विक्रीदराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. बराचसा माल संस्थात्मक खरेदीत, ठरलेल्या दराने जाणार होता. असा दर वर्षानुवर्षे तसाच राहतो, हा अनेकांचा अनुभव असेल. आणि परोपजीवी अळ्या आत वाढत असलेली कार्डे भाव येईपर्यंत साठवता येत नाहीत. शीतपेटीत फार तर काही आठवडे. समजा, केवळ पहिल्या वर्षाची दरवाढ चुकली आणि त्यानंतर दर नियमाने ५ टक्क्यांनी वाढला. त्या एका चुकलेल्या वाढीची किंमत दहा वर्षांत, आजच्या मूल्याने, ३ लाख २० हजार होते. प्रकल्पाचा सगळा निव्वळ लाभ त्यात बुडतो आणि वर ८२ हजारांची तूट येते.

महागाईचा अंदाज ५ टक्केच का, असे कोणी विचारील. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट ४ टक्के आहे, दोन टक्के खाली किंवा वर. ४ टक्के धरले आणि व्याजदर ११ च ठेवला, तर वास्तव दर ६.७३ होतो आणि निव्वळ मूल्य १ लाख ३४ हजारांवर येते. उत्तराचे चिन्ह बदलत नाही. अट एवढीच, की दर काढताना जी महागाई धरली तीच उत्पन्न वाढवतानाही धरावी. एका जागी ४ आणि दुसऱ्या जागी ६ हीही मापांची मिसळच आहे.

म्हणून समितीला पाठवलेल्या टिपणात 'निर्णय चुकला' असे मी लिहिले नाही. नकाराचे कारण चुकले, एवढेच लिहिले. व्याजदर या प्रयोगशाळेला मारत नाही. मजुरी आणि गोठलेला विक्रीदर मारू शकतात, आणि या दोन्हींवर उपाय कंपनीच्या आवाक्यातला आहे. पतंग गोळा करण्यासाठी साधी निर्वात नळी वापरली तर मजुरीचे दिवस घटतात. खरेदीच्या करारात दरवर्षी दर फेरतपासणीचे कलम घालता येते. सुधारित प्रस्तावात कंपनीने दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत, आणि यावेळी ताळेबंदाच्या प्रत्येक रकान्यावर 'स्थिर भाव' किंवा 'चालू भाव' असे शीर्षक आहे. समितीची पुढची बैठक भाताच्या रोवणीपूर्वी आहे.