टाचेचा एक थेंब आणि चुकलेला पत्ता : नवजात बाळाची थायरॉईड तपासणी नेमकी कुठं अडते?

कागल : बाळ रात्रीचं रडत नाही, दूध पिऊन गप झोपून राहतं, तर घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘गुणाचं आहे हो पोर.’ बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण काही बाळं गुणाची म्हणून नाही, तर अंगात थायरॉईडचा रस तयार होत नाही म्हणून गप असतात. आयसीएमआरने मुंबईसह देशातल्या पाच शहरांत लाखभर नवजात बाळं तपासली, तेव्हा साधारण 1,130 बाळांमागे एकाला हा जन्मजात आजार निघाला.

बहुतेक बाळांत गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पोटातच नीट तयार झालेली नसते. यात आईची चूक नाही आणि आयोडीनचं मीठ खाऊन न झालेली ग्रंथी तयार होत नाही. गर्भात असताना आईचा थायरॉईड रस थोडा बाळापर्यंत पोचतो. त्यामुळं जन्मताना बाळ चांगलं दिसतं, वजनही ठीक भरतं. पुढं महिन्या-दोन महिन्यांत लांबलेली कावीळ, शौचाला खडा, घोगरं रडणं, बाहेर येणारी जीभ, फुगलेली बेंबी ही लक्षणं दिसायला लागतात. तोवर मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल बरोबरीच्या पोरांसारखं शिकतं. तीन महिने उलटले, तर गेलेलं सगळं भरून येत नाही. म्हणून लक्षणांची वाट न बघता तपासणी करायची असते.

ती सोपी आहे. टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात आणि त्यात टीएसएच मोजतात. वेळ मात्र सांभाळावी लागते. जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाचं टीएसएच काही तास उसळतं, त्यामुळं पहिल्या दिवशी नमुना घेतला तर चांगल्या बाळाचा रिपोर्टही बिघडलेला येतो. दोन ते तीन दिवसांनी घेतलेला नमुना चांगला. त्याआधी घरी सोडणार असतील तर जन्मावेळी नाळेचं रक्त घेऊनही तपासता येतं.

समजा, तीन किलोच्या बाळाचा नमुना तिसऱ्या दिवशी घेतला. टीएसएच 20 च्या आत हवं होतं, ते 65 निघालं. 40 च्या वर गेलं की थांबायचं नसतं. लगेच बोलावून शिरेतलं रक्त तपासतात. तिथंही टीएसएच चढलेलं आणि टी-फोर कमी आलं, की त्याच दिवशी थायरॉक्सिन सुरू करतात. मात्रा किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम. या बाळाला 25 ची दीड गोळी, म्हणजे 37.5. ती बारीक करून चमचाभर आईच्या दुधात द्यायची, बाटलीत नाही, कारण बाटलीत दूध उरलं की औषधही उरतं. खर्च दिवसाला दोन-चार रुपये.

मग अडतं कुठं? आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. कागलच्या माहेरी बाळंत झालेली लेक निपाणीला दिलेली असते. कागदावर पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा, आणि तो एमआयडीसीत पाळीवर. रिपोर्ट वाईट आला, फोन लागला नाही, की प्रकरण तिथंच थांबतं. म्हणून नमुना देताना बाळ पुढचा महिना जिथं राहणार तो पत्ता आणि घरातल्या दोघांचे नंबर लिहून द्यावेत. आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी येतात. त्यांनी ‘टाचेचा रिपोर्ट आला का?’ एवढं विचारलं तरी हरवलेला कागद सापडेल. रिपोर्ट आला नाही म्हणजे चांगला आहे, असं धरून चालू नये.

दुसरी अडचण धोरणाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याच्या यादीत हा आजार आहे, पण तपासणी करायची की नाही हे राज्यांवर सोडलं आहे. शेजारच्या गोव्यात सरकारने 2008 मध्येच नवजात तपासणी सुरू केली होती. आपल्याकडं ती प्रत्येक ठिकाणी आपोआप होईल असं धरता येत नाही. दवाखाना सरकारी असो की खासगी, घरी निघण्याआधी ‘बाळाचं टीएसएच घेतलं का?’ हे घरच्यांनीच विचारायला हवं.

आणखी एक घोटाळा गोळी सुरू झाल्यावर होतो. बाळ टवटवीत दिसायला लागतं आणि घरचे गोळी बंद करतात. बाळ टवटवीत गोळीमुळंच असतं. काही मुलांत हा आजार तात्पुरता असतो, पण ते ठरवण्यासाठी डॉक्टर तीन वर्षांनंतर महिनाभर गोळी थांबवून रक्त तपासतात. तोवर मेंदूची वाढ या रसावर अवलंबून असते, म्हणून एक दिवसही चुकवायचा नाही. वजन वाढलं की मात्रा बदलते, त्यासाठी ठरलेल्या तारखेला रक्त तपासून घ्यायचं.