‘नाय’ खालच्या ओळीत गेला की...

मराठी रीलखाली मराठीच अक्षरं कशाला, असं आमच्या घरी एकाने विचारलं. त्याने एकदा सकाळची डहाणू लोकल पकडून पालघर-बोईसर प्रवास करावा. डब्यात निम्मे लोक आवाज बंद ठेवून रील बघतात. त्यांच्यासाठी ती अक्षरं म्हणजेच बोलणं. म्हणून ती कुठे तुटतात याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

परवा एका ताईंच्या रीलला सबटायटल्स लिहिली. तारापूर एमआयडीसीच्या आसपास केमिकलचे रिकामे ड्रम घरी पाणी साठवायला वापरले जातात, त्याबद्दल त्या बोलल्या होत्या. वाक्य असं : "कंपनीतून आणलेला रिकामा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरायचा नाय."

अ‍ॅप शब्द मोजून ओळ तोडतं. चार-चार शब्द घेतले, तर तिसऱ्या वेळी पडद्यावर "पाण्यासाठी वापरायचा नाय" येतं. पण त्याआधी "कितीही धुतला तरी पिण्याच्या" असं लोंबकळणारं काहीतरी! आणि पाच-पाच घेतले तर त्याहून वाईट. शेवटी नुसतंच "नाय" उरतं, आणि आधीच्या पडद्यावर दिसतं "धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरायचा". म्हणजे नेमका उलटा सल्ला! मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे हा धोका इंग्रजीपेक्षा आपल्याला जास्त.

मी रील ऐकत ताई श्वास कुठे घेतात ते बघितलं आणि तिथेच तोडलं :

```
1
00:00:03,000 --> 00:00:04,800
कंपनीतून आणलेला
रिकामा ड्रम

2
00:00:04,800 --> 00:00:06,000
कितीही धुतला तरी

3
00:00:06,000 --> 00:00:08,400
पिण्याच्या पाण्यासाठी
वापरायचा नाय
```

विशेषण नामाजवळ, नकार क्रियापदाजवळ, आणि "तरी" आपल्या वाक्यांशाच्या शेवटी. "पाण्यासाठी" हा एकच शब्द. "पाण्या साठी" असा तोडून लिहिला की फोन बिनदिक्कत "साठी" खाली ढकलतो.

आता "नाय"बद्दल. ते "वापरू नये" करा, शुद्ध दिसेल, असं एक जण म्हणाला. मला पटलं नाही. भाषांतर करताना वाक्य आटोपशीर करावं लागतं, हे मान्य. पण इथे कान आणि डोळे एकाच भाषेत आहेत. आवाज चालू ठेवणाऱ्याला ओठांवर एक आणि खाली दुसरंच दिसलं की तो तिथेच अडतो. शिवाय ताई शेजारणींशी बोलतायत, सरकारी फलक वाचत नाहीयेत! अडखळून दोनदा आलेला शब्द एकदा लिहावा, "म्हणजे... ते..." गाळावं. बाकी शब्द त्यांचेच राहू द्यावेत.

काम झालं की आवाज बंद करून रील कुठेही थांबवा. समोर दिसणारा तुकडा एकटा वाचला तर चुकीचं काही सांगतो का? सांगत असेल, तर ओळ पुन्हा तोडा. लोकलमध्ये बोईसर आलं की माणूस फोन खिशात टाकतो, पुढच्या तुकड्याची वाट बघत नाही.