कर्करोग आणि शिरेतील गुठळी

पॅरिसचे वैद्य आर्मां त्रुसो यांनी 1865 मध्ये आपल्या व्याख्यानांतून एक निरीक्षण नोंदविले. ज्या रुग्णाच्या शिरांमध्ये विनाकारण रक्ताच्या गुठळ्या होतात, त्याच्या शरीरात कोठेतरी कर्करोग लपलेला असण्याचा संभव असतो, असे ते निरीक्षण होते. पुढे 1867 च्या आरंभी स्वतःच्याच शिरेत गुठळी झाल्याचे त्यांना आढळले आणि निदान त्यांनी तेव्हाच ओळखले. त्याच वर्षी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

या दोन गोष्टींचा संबंध समजण्यासाठी रक्त गोठते कसे, हे पाहावे लागते. रक्तवाहिनीच्या बाहेरील पेशींवर ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचे प्रथिन असते. वाहिनी कापली गेली की रक्ताचा त्याच्याशी स्पर्श होतो, थ्रॉम्बिन तयार होते आणि फायब्रिनचे जाळे विणले जाऊन जखम बुजते. एरवी हे प्रथिन रक्तापासून दूर राहते. अनेक कर्कपेशी मात्र ते स्वतः मोठ्या प्रमाणात तयार करतात आणि त्याचे सूक्ष्म कण रक्तात सोडतात. त्यामुळे जखम नसतानाही रक्ताला जखमेचा संकेत मिळत राहतो. त्यातच गाठीचा शिरेवर दाब पडला आणि रुग्ण अंथरुणास खिळला, तर रक्ताचा वेग मंदावून गुठळीला वाव मिळतो.

केमोथेरपी या प्रवृत्तीत भर घालते. काही औषधे, विशेषतः सिस्प्लॅटिन, वाहिन्यांच्या गुळगुळीत आतील अस्तराला इजा करतात, तर मरणाऱ्या कर्कपेशींतून गोठण्यास चालना देणारे घटक रक्तात उतरतात. औषध देण्यासाठी मोठ्या शिरेत बसविलेल्या नळीभोवतीही गुठळी होऊ शकते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटले, तर रक्त आणखी दाट होते. म्हणूनच केमोथेरपीच्या काळात उपवास किंवा चौविहार करावयाचा असल्यास डॉक्टरांना आधी विचारणे हिताचे.

धोका मोजण्यासाठी डॉ. अलोक खोराना व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक साधी गुणपद्धती मांडली. समजा, घाटकोपरच्या 62 वर्षांच्या एका गृहस्थांना जठराचा कर्करोग आहे आणि त्यांची केमोथेरपी सुरू व्हावयाची आहे. जठर व स्वादुपिंडाच्या कर्करोगास 2 गुण असतात. त्यांच्या प्लेटलेट 4,10,000 आहेत. 3,50,000 किंवा अधिक असल्यास 1 गुण. हिमोग्लोबिन 9.4 आहे, 10 च्या खाली असल्यास 1 गुण. पांढऱ्या पेशी 11,000 च्या वर किंवा वजन-उंचीचे गुणोत्तर 35 वा अधिक असल्यास आणखी एकेक गुण मिळाला असता. तसे येथे नाही. एकूण 4. तीन वा अधिक गुण म्हणजे उच्च धोका: मूळ अभ्यासात अशा शंभरांपैकी सुमारे सात जणांना अडीच महिन्यांत गुठळी झाली, तर शून्य गुणांच्या रुग्णांत हे प्रमाण शंभरी एकाहूनही कमी होते.

मग प्रतिबंधक औषध लगेच सुरू करावे काय? येथेच खरा पेच आहे. रक्त पातळ करणाऱ्या ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या गोळ्या उपयुक्त असल्या, तरी जठरातील गाठ काढलेली नसताना त्यांतील काहींनी रक्तस्राव वाढतो. अशा वेळी डॉक्टर बहुधा एनॉक्सापॅरिनसारख्या हेपॅरिन-वर्गातील इंजेक्शनांचा विचार करतात. हे औषध डुकराच्या आतड्यापासून मिळविलेले असते, हे पुष्कळ जैन कुटुंबांना ठाऊक नसते. ज्यांना ते व्रताविरुद्ध वाटते, त्यांनी उपचार मनाने न थांबविता फोंडापॅरिनक्सविषयी विचारावे. हे इंजेक्शन पूर्णतः प्रयोगशाळेत घडविलेले असते. मात्र ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून आधी क्रिएटिनिन पाहणे आवश्यक असते. केमोथेरपीने प्लेटलेट 50,000 च्या खाली गेल्यास कोणत्याही औषधाची मात्रा नव्याने ठरवावी लागते.

गुठळी ओळखण्याची खूण साधी आहे: एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे किंवा नळी असलेल्या बाजूचा हात सुजणे. अशा पायाला तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. डी-डायमर ही रक्तचाचणी कर्करोगात एरवीही वाढलेली आढळते, म्हणून केवळ तिच्यावर निदान ठरत नाही. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, ही फुप्फुसातील गुठळीची चिन्हे होत. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि कर्करोगाचे उपचार चालू असल्याचे तेथे प्रथमच सांगावे.

गुठळी सिद्ध झाल्यास औषध सामान्यतः किमान तीन ते सहा महिने चालते. कर्करोग सक्रिय असेपर्यंत ते बंद करण्याची घाई केली जात नाही, कारण रक्ताला गोठण्याचा संकेत देणारे मूळ तोवर शरीरातच असते.