पैसे येणार की जाणार? मोबाईलच्या पडद्यावरचा एक शब्द वाचा

शिनोलीतल्या एखाद्या घरी जुनं कपाट विकायला काढलंय, असं समजू. फोटो मोबाईलवर टाकला. तासाभरात एका अनोळखी माणसाचा फोन आला, "भाईजान, 1,800 रुपये पाठवतोय. मेसेज येईल, तो ॲक्सेप्ट करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात." पडद्यावर खरोखरच 1,800 चा आकडा दिसतो. आणि इथंच आपली माणसं फसतात. आकडा बरोबर असतो, पण पैसे उलट्या दिशेनं चाललेले असतात.

आलेली गोष्ट म्हणजे 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे समोरच्यानं आपल्याकडे केलेली पैशांची मागणी. त्याखाली Pay आणि Decline अशी दोन बटणं असतात. Pay म्हणजे 'द्या'. ते दाबल्यावर पिनचं पान उघडतं. तिथं पैसे कोणाला आणि किती जाणार, ते लिहिलेलं असतं. तिथं Sending किंवा Pay दिसलं, तर पैसे आपल्या खात्यातून निघणार. घाईत आपण फक्त आकडा पाहतो आणि बाजूचा शब्द वाचायचा राहून जातो.

म्हणून घरात सगळ्यांना एकच खूण सांगून ठेवू. पैसे घ्यायला पिन लागत नाही. दुकानदार दिवसभर पैसे घेतो, तो कुठं पिन टाकतो? शिल्लक पाहताना पिन लागतो, पण तेव्हा आपण स्वतः शिल्लक पाहायला गेलेलो असतो. पैसे मिळवण्यासाठी पिन मागणारा माणूस आपल्याच खिशात हात घालतोय, असं समजावं.

या फसवणुकीमुळेच एनपीसीआय या यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीनं व्यक्तीला पाठवायची अशी मागणी बंद करायला सांगितलं. त्याआधी तिची मर्यादा 2,000 रुपये होती. मग धोका संपला का? नाही. दुकानं आणि कंपन्यांची मागणी तेव्हा चालूच राहिली, त्यामुळे मागणी दुकानाच्या नावानं येऊ शकत होती. दुसरी वाट क्यूआर कोडची आहे. "हा स्कॅन करा, पैसे येतील," असं सांगितलं जातं. पण आपण कोड स्कॅन करतो तो पैसे द्यायला. घ्यायचे असतील तर आपला कोड समोरच्यानं स्कॅन करायचा.

अम्मी-अब्बांच्या मोबाईलवर असं काही आलं, तर Decline दाबावं आणि आपला यूपीआय आयडी देऊन "यावर पाठवा" म्हणावं. खरा गिऱ्हाईक लगेच पाठवील.

पिन टाकून झाला असेल, तर लाजून गप्प बसू नये. व्यवहार आपल्याच पिननं झालेला असतो, म्हणून बँक तो सहज उलटवत नाही. लगेच 1930 वर फोन करावा, बँकेलाही कळवावं. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते अडवता येतात.