दिवा लागतो, चित्र दिसत नाही

लॅपटॉपला दुसरा पडदा म्हणून छोटा टाइप-सी मॉनिटर जोडला, दिवा लागला, पण "No Signal" आले, तर आधी केबल बघा. मोबाईल चार्जिंगच्या केबलमधून वीज जाते. चित्र नेणाऱ्या तारा तिच्यात बहुधा नसतात. मॉनिटरसोबत आलेली केबल लावा. तरीही चित्र नसेल, तर लॅपटॉपचे ते टाइप-सी पोर्टच चित्र देत नसावे. मग एचडीएमआय केबल जोडा आणि मॉनिटरला वीज वेगळ्या चार्जरने द्या.

गोंदियात वीज गेली की हिशेब असा: बॅटरी ४८ वॉट-तासांची आणि लॅपटॉप १२ वॉट खाणारा असेल, तर ४ तास चालेल. मॉनिटरचे ८ वॉट मिळवले की २० वॉट होतात. काम २ तास २४ मिनिटांतच थांबेल. वीज नसताना मॉनिटरचा उजेड कमी करा, नाहीतर केबल काढून ठेवा.